प्लाझ्मातलं मेटफॉर्मिन मोजताना डी-सिक्स काय सावरतं आणि काय नाही

मधुमेहाची ५०० मिलिग्रॅमची साधी गोळी घेतली की दोन-तीन तासांनी रक्तातल्या प्लाझ्मामध्ये मेटफॉर्मिन साधारण हजार नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आसपास चढतं आणि मग दिवसभरात उतरत जातं. जैवसमतुल्यता चाचणीत हा चढ-उतार शेवटच्या टोकापर्यंत मोजावा लागतो, म्हणून पद्धतीची कक्षा १० ते २५०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर धरणं सोयीचं. मुंबई-नवी मुंबईतल्या बायोॲनालिटिकल लॅबमध्ये नव्याने आलेल्या माणसाच्या हातात बहुधा असाच एखादा रेणू दिला जातो. तो दिसतो सोपा, पण लेबल केलेल्या इंटर्नल स्टँडर्डचं, म्हणजे प्रत्येक नमुन्यात सारखंच घातलेल्या तुलनेच्या रेणूचं, सगळं गणित तो शिकवून जातो.

मोजणी ट्रिपल क्वाड्रुपोल मास स्पेक्ट्रोमीटरवर होते, त्याचं तत्त्व दोन वाक्यांत सांगतो. पहिला क्वाड्रुपोल फक्त १३० वस्तुमानाचा आयन आत सोडतो, मधल्या सेलमध्ये तो वायूवर आपटून फुटतो आणि तिसरा क्वाड्रुपोल त्याचा एक ठरलेला तुकडा पुढे पाठवतो; ही जोडी म्हणजे एक ट्रान्झिशन. त्याच वेळी मेटफॉर्मिन-डी-सिक्सची, म्हणजे दोन मिथाइल गटांतले सहाही हायड्रोजन ड्युटेरियमने बदललेल्या रेणूची, वेगळी ट्रान्झिशन चालू असते आणि आपण दोन पीकच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर घेतो.

आता एक गोष्ट मनाशी घट्ट धरायची, कारण पुढचा प्रत्येक निर्णय तिच्यातून निघतो. डी-सिक्स नमुन्यात पडल्यानंतर दोघांचं मिळून जे नुकसान होतं, तेवढंच ते भरून काढतं. पडण्याआधी जे झालं ते नाही, आणि दोघांपैकी एकालाच जे भोवलं तेही नाही.

ट्रान्झिशन निवडणं

दोन्ही रेणूंची १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरची वेगवेगळी द्रावणं ॲसिटोनायट्राइल-पाण्यात करा, त्यात ०.१ टक्का फॉर्मिक ॲसिड घाला आणि सिरिंज पंपाने मिनिटाला १० मायक्रोलिटर या गतीने सोडा. पॉझिटिव्ह मोडमध्ये मेटफॉर्मिन १३०.१ ला आणि डी-सिक्स १३६.१ ला दिसेल. दोन्ही क्वाड्रुपोलची रुंदी निम्म्या उंचीला ०.७ युनिट ठेवा आणि मग तुकड्यांचं स्कॅन घ्या.

मेटफॉर्मिनचे ७१ आणि ६० असे दोन तुकडे कामाचे आहेत. रेणू एकाच ठिकाणी तुटतो: एका बाजूला दोन मिथाइल असलेला डायमिथाइलसायनामाइडचा भाग, दुसऱ्या बाजूला ग्वानिडीन. प्रोटॉन पहिल्या भागाकडे राहिला तर ७१, दुसऱ्याकडे गेला तर ६०. डी-सिक्सचे सहाही ड्युटेरियम मिथाइलवर असल्यामुळे त्याचा पहिला तुकडा ७७ ला सरकतो, पण ग्वानिडीनचा तुकडा ६० लाच राहतो.

म्हणजे १३६ → ६० ही ट्रान्झिशन दिसेल, कदाचित जोरदारही दिसेल, पण घ्यायची नाही. त्या तुकड्यात लेबलच उरलेलं नाही. सेलमध्ये आधीच्या ट्रान्झिशनचे ६० चे आयन रेंगाळले, तर ते कुणाचे हे तिसऱ्या क्वाड्रुपोलला कळायचा मार्ग नाही. आजच्या उपकरणांत सेल काही मिलिसेकंदांत रिकामा होतो हे खरं, तरी फुकटची जोखीम कशाला घ्या. मोजणीसाठी १३० → ७१ आणि १३६ → ७७, ओळख पटवण्यासाठी १३० → ६०, एवढं पुरतं. त्यांचा क्रमही १३० → ७१, १३० → ६०, १३६ → ७७ असाच ठेवा. डी-सिक्सनंतर लगेच १३० → ६० लावलं तर डी-सिक्सचे मागे राहिलेले ६० चे आयन तिथे मोजले जाऊ शकतात.

कोलिजन एनर्जी मेटफॉर्मिनवर २ व्होल्टच्या टप्प्याने वाढवत पाहा आणि ७१ चा माथा जिथे सपाट होतो ती किंमत घ्या. डी-सिक्सलाही तीच द्या. इंटर्नल स्टँडर्डचा, म्हणजे आयएसचा, सिग्नल किंचित कमी मिळाला तरी बिघडत नाही, पण सेलमधल्या दाबात बारीक फरक पडला तर दोघं एकाच दिशेने हलायला हवेत.

डी-सिक्स किती घालायचं

ही पायरी लोक घाईने उरकतात, आणि खालच्या टोकाचे बहुतेक घोळ इथूनच सुरू होतात. लेबल केलेल्या पदार्थात थोडा लेबल नसलेला रेणू उरलेलाच असतो. प्रमाणपत्रावर समस्थानिक शुद्धता ९८ टक्के लिहिली असेल, तर उरलेले दोन टक्के बहुधा डी-फाइव्हचे असतात आणि त्यांचा त्रास नाही. आपल्याला घातक आहे तो डी-झिरो, कारण तो सरळ १३० → ७१ मध्ये मेटफॉर्मिन म्हणून मोजला जातो. प्रमाणपत्रात ही किंमत वेगळी दिलेली असते, ती शोधा.

समजा डी-झिरो ०.५ टक्का आहे. प्लाझ्माच्या हिशेबाने डी-सिक्स २०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर घातलं, तर प्रत्येक नमुन्यात आपणच १ नॅनोग्रॅम मेटफॉर्मिन टाकलं. सर्वात खालच्या, म्हणजे १० नॅनोग्रॅमच्या पातळीच्या ते १० टक्के आहे. आयसीएचच्या एम-१० मार्गदर्शक तत्त्वांनुसार, जी मे २०२२ मध्ये स्वीकारली गेली, ब्लँकमधला, म्हणजे मेटफॉर्मिन न घातलेल्या प्लाझ्मातला, अडथळा खालच्या पातळीच्या २० टक्क्यांपर्यंत चालतो, म्हणून आपण निभावतो. पीक मोठं दिसावं म्हणून कुणी १००० नॅनोग्रॅम घातलं, तर तोच अडथळा ५ नॅनोग्रॅम, म्हणजे ५० टक्के होतो आणि पद्धत तिथेच आपटते.

उलट दिशेलाही पाहा. मेटफॉर्मिनमध्ये चार कार्बन आणि पाच नायट्रोजन. नैसर्गिक जड समस्थानिकांमुळे १३१ ला मुख्य पीकच्या सुमारे सहा टक्के मिळतात, पण सहा युनिट पुढे, १३६ ला, जवळजवळ काहीच पोचत नाही. म्हणून इथे ही बाजू शांत आहे. क्लोरीन किंवा ब्रोमीन असलेल्या रेणूला तीनच ड्युटेरियमचं लेबल असेल, तर मात्र हा हिशेब कागदावर करूनच पुढे जायचं.

कागदावरचा हिशेब उपकरणावर ताडायला दोन इंजेक्शनं पुरतात. एक नुसत्या डी-सिक्सचं, दुसरं २५०० नॅनोग्रॅम मेटफॉर्मिनचं, डी-सिक्सशिवाय. पहिल्यात १३० → ७१ आणि १३० → ६० दोन्हीकडे नेहमीच्या प्रमाणात पीक आलं, तर तो खरा डी-झिरो. फक्त ६० ला आलं, तर सेलमधली गळती. दुसऱ्या इंजेक्शनमध्ये १३६ → ७७ ला जे दिसेल ते नेहमीच्या आयएस सिग्नलच्या ५ टक्क्यांच्या आत हवं.

बाकी, डी-सिक्सचं द्रावण नेमकं किती तीव्र आहे हे अचूक माहीत असण्याची गरज नाही. प्रत्येक नळीत ते सारखंच पडायला हवं, एवढंच. मेटफॉर्मिनच्या बाबतीत मात्र तीव्रता अचूकच हवी. बाटलीत असतं ते मेटफॉर्मिन हायड्रोक्लोराइड, रेणुभार १६५.६२, मोजायचं असतं मुक्त मेटफॉर्मिन, १२९.१६. १० मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचा स्टॉक हवा तर मीठ १२.८२ मिलिग्रॅम तोला, आणि वर शुद्धता व ओलाव्याची दुरुस्ती करा. हा गुणक विसरला तर प्रत्येक निकाल सुमारे २८ टक्क्यांनी फुगतो आणि डी-सिक्स त्यावर चकार शब्द काढत नाही, कारण चूक त्याच्या येण्याआधीची आहे. कॅलिब्रेशनचे आणि क्यूसीचे, म्हणजे पद्धत ताडायला माहीत तीव्रतेच्या नमुन्यांचे, स्टॉक वेगवेगळे तोलायचे ते याचसाठी. पण दोन्ही तोलताना एकाच माणसाने एकच चुकीचा गुणक वापरला, तर तीही तपासणी फोल ठरते.

कॉलम: दोघांना एकत्र आणि उशिरा बाहेर काढा

मेटफॉर्मिन इतकं जलप्रेमी आहे की साध्या सी-१८ कॉलमवर ते थांबतच नाही. क्षारांबरोबर वाहून जातं. तिथे आयनीकरण दबलेलं असतं आणि सिग्नलचा भरवसा नसतो. म्हणून जलप्रेमी रेणू धरून ठेवणारा हिलिक पद्धतीचा कॉलम घ्या, उदाहरणार्थ अमाइड, १०० बाय २.१ मिलिमीटर. १० मिलिमोलर अमोनियम फॉर्मेट आणि ०.१ टक्का फॉर्मिक ॲसिड असलेलं पाणी, आणि ॲसिटोनायट्राइल ७० ते ८० टक्के. प्रवाह मिनिटाला ०.४ मिलिलिटर. या कॉलमचा मोकळा वेळ, म्हणजे अजिबात न थांबणारा रेणू बाहेर पडायला लागणारा वेळ, साधारण ०.५५ मिनिट येतो. मेटफॉर्मिन दीड-पावणेदोन मिनिटांच्या आधी येऊ देऊ नका.

पण उशीर म्हणजे सुरक्षितता नव्हे. मेटफॉर्मिनचं द्रावण कॉलमनंतरच्या टी-जोडातून सतत सोडत राहा आणि कॉलममध्ये ब्लँक प्लाझ्माचा अर्क इंजेक्ट करा. सपाट रेषेत जिथे खड्डा पडेल तिथे प्लाझ्मातलं काहीतरी आयनीकरण दाबतंय. सोबत ४९६ → १८४ आणि ७५८ → १८४ या ट्रान्झिशन ठेवल्या तर फॉस्फोलिपिड कुठे उतरतात तेही दिसतं. मेटफॉर्मिनचं पीक खड्ड्याच्या उतारावर बसत असेल तर ॲसिटोनायट्राइलचं प्रमाण बदलून ते हलवा.

'डी-सिक्स आहे ना, खड्डा असला तरी काय' असं म्हणणारे भेटतात. दोन पीक एकावर एक बसत असतील तोवर त्यांचं म्हणणं चालून जातं. ड्युटेरियम घातलेला रेणू मात्र लेबल नसलेल्यापेक्षा किंचित वेगळा वागू शकतो. सी-१८ वर तो बहुधा थोडा आधी येतो, आणि ड्युटेरियमची संख्या वाढली की अंतरही वाढतं. अशा वेळी दोन सेकंदांच्या फरकानेही एक खड्ड्यात आणि दुसरा काठावर असं होतं. शिवाय खड्ड्याची खोली माणसागणिक बदलते. म्हणून दोन्ही पीकचे माथे एकमेकांवर ठेवून पाहा. कार्बन-१३ किंवा नायट्रोजन-१५ चं लेबल मिळत असेल तर हा प्रश्न बहुतेक मिटतो, पण किंमत वाढते. मेटफॉर्मिनसाठी डी-सिक्स पुरतं.

पीक सहा सेकंद रुंद असेल आणि तीन ट्रान्झिशनना प्रत्येकी ९५ मिलिसेकंद, मध्ये ५ मिलिसेकंद विराम दिला, तर पीकवर २० बिंदू मिळतात. त्याहून जास्तीचा हव्यास नको.

नमुना तयार करणं

कॅलिब्रेशनसाठी त्याच प्रकारचा ब्लँक प्लाझ्मा वापरा. नमुने के-टू ईडीटीएमध्ये घेतले असतील तर ब्लँकही त्यातलाच. १९० मायक्रोलिटर प्लाझ्मामध्ये वीसपट तीव्रतेचं १० मायक्रोलिटर द्रावण घालून १०, २०, ५०, २००, ५००, १०००, २००० आणि २५०० नॅनोग्रॅमच्या पातळ्या बांधा. क्यूसी १०, ३०, १००० आणि २००० ला. सोबत दोन ब्लँक: एकात काहीच नाही, दुसऱ्यात फक्त डी-सिक्स.

नळीत ५० मायक्रोलिटर प्लाझ्मा घ्या. त्यात १००० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरचं डी-सिक्स १० मायक्रोलिटर घाला. प्लाझ्माच्या हिशेबाने हेच २०० होतं. व्हॉर्टेक्स करा आणि पाच मिनिटं थांबा. त्यानंतरच ०.१ टक्का फॉर्मिक ॲसिडचं ॲसिटोनायट्राइल ३०० मायक्रोलिटर घालून पुन्हा हलवा, ४ अंशांवर सेंट्रिफ्यूज करा आणि वरचं द्रावण व्हायलमध्ये घ्या. ते सुमारे ८३ टक्के ॲसिटोनायट्राइल असल्यामुळे हिलिकवर थेट ३ मायक्रोलिटर इंजेक्ट करता येतं. वाळवायची गरज नाही.

काही जण काम वाचवायला डी-सिक्स ॲसिटोनायट्राइलमध्येच मिसळून ठेवतात. मेटफॉर्मिन प्रथिनांना फारसं चिकटत नाही, म्हणून इथे ते खपून जातं. प्रथिनांना घट्ट बांधला जाणारा रेणू असेल तर डी-सिक्ससारखं लेबल मोकळंच राहतं आणि खरा रेणू गाळासोबत खाली बसतो. आधी प्लाझ्मात घालून पाच मिनिटं थांबायची सवय लावलेली बरी.

त्याही आधीचं एक नुकसान लेबलच्या हाताबाहेर आहे. मेटफॉर्मिन हळूहळू लाल पेशींत शिरतं. रक्त काढल्यावर प्लाझ्मा वेगळा करायला एका नमुन्याला वीस मिनिटं आणि दुसऱ्याला तीन तास लागले, तर फरक पडलेलाच असतो आणि तो लॅबमध्ये कळत नाही. दवाखान्याच्या बाजूला वेळ बांधून घेणं हाच उपाय.

रेषा आणि एक नमुना

गुणोत्तर विरुद्ध तीव्रता अशी रेषा काढताना `1/x²` हे वजन द्या. वजन न देता काढलेल्या रेषेत २५०० च्या बिंदूची ४ टक्के चूक म्हणजे १०० नॅनोग्रॅम, सर्वात खालच्या पातळीच्या दसपट. रेषा त्या एका बिंदूला सांभाळायला धावते आणि १० नॅनोग्रॅमचा निकाल कुठेही जातो. परत काढलेल्या किंमती १५ टक्क्यांच्या आत, खालच्या पातळीला २० टक्क्यांच्या आत हव्यात.

समजा रेषा अशी आली आणि एका नमुन्यात मेटफॉर्मिनचं क्षेत्रफळ ४,१२,००० व डी-सिक्सचं ९८,००० मिळालं:

```
y = 0.00500 x + 0.0020
y = 412000 / 98000 = 4.204
x = (4.204 - 0.0020) / 0.00500 = 840 ng/mL
```

दुसऱ्या माणसाचा प्लाझ्मा चरबीयुक्त, त्यात दोन्ही पीक निम्मे आले: २,०६,००० आणि ४९,०००. गुणोत्तर तेच, निकाल तोच. डी-सिक्स आणलं ते याचसाठी.

आता तिसरा नमुना: मेटफॉर्मिन ४,१२,०००, डी-सिक्स १,९६,०००. निकाल येतो ४२० आणि सॉफ्टवेअर कसलीही तक्रार करत नाही. इथे पिपेटने डी-सिक्स दोनदा पडलं असण्याची शक्यता मोठी, आणि खरा आकडा ८४० असेल. हे ओळखायचा एकच मार्ग: संपूर्ण बॅचच्या डी-सिक्सच्या क्षेत्रफळांचा इंजेक्शनच्या क्रमाने आलेख काढा आणि निकाल उघडण्याआधी तो पाहा.

त्या आलेखाच्या तऱ्हा थोडक्याच आहेत. रेषा सावकाश उतरत असेल तर सोर्स मळतोय. गुणोत्तर टिकेल, पण खालच्या पातळीचा आवाज वाढेल. एकच बिंदू दुप्पट किंवा शून्याजवळ असेल तर पिपेटची चूक समजा. तीच व्हायल पुन्हा इंजेक्ट करा. आकडा तसाच राहिला तर दोष नळीतला, म्हणून नमुना नव्याने काढा. मेटफॉर्मिन वाढेल तसं डी-सिक्स थोडं खाली येत असेल तर दोघं आयनीकरणासाठी एकमेकांशी स्पर्धा करताहेत, आणि सहसा ते चालतं. मात्र कॅलिब्रेशन आणि क्यूसी एका पट्ट्यात आणि रुग्णांचे सगळे नमुने त्याच्या खाली असतील, तर क्यूसी पास झाले म्हणून हुरळू नका. क्यूसी तुमच्याच ब्लँक प्लाझ्मातले आहेत, त्यांना हा अडथळा भेटलेलाच नाही. असे दोन-तीन नमुने ब्लँक प्लाझ्माने पातळ करून पुन्हा काढा. आकडा जुळला तर डी-सिक्स सावरतंय. पद्धत प्रमाणित करताना किमान सहा वेगवेगळ्या माणसांच्या प्लाझ्मात खालची आणि वरची क्यूसी करून पाहायची ती याचसाठी.

वरच्या टोकाला

२५०० च्या पुढे गेलेल्या नमुन्याबाबत एक चूक वारंवार दिसते. व्हायलमधला अर्क दहापट पातळ करून पुन्हा चालवला जातो. दोन्ही पीक दहापट लहान होतात, गुणोत्तर जिथल्या तिथे, आणि आकडा पुन्हा कक्षेबाहेर. वर कुणी त्याला दहाने गुणलं तर विचारूच नका. पातळ करायचं ते प्लाझ्माच्या पातळीवर, ब्लँक प्लाझ्माने, डी-सिक्स घालण्याआधी.

रेषाच वरच्या टोकाला खाली वाकत असेल तर बहुधा डिटेक्टर भरलाय. मेटफॉर्मिनचं पीक छाटलं जातं आणि डी-सिक्सचं नाही, त्यामुळे गुणोत्तर वाचवू शकत नाही. डी-सिक्स वाढवून काही होत नाही. वर पाहिलं तसं डी-झिरो मात्र वाढतं. इंजेक्शन १ मायक्रोलिटरवर आणा, किंवा कोलिजन एनर्जी माथ्यावरून मुद्दाम हटवा आणि १० नॅनोग्रॅमच्या पीकचा सिग्नल अजून पुरतो का ते पाहा. वाकडी रेषा वर्गसमीकरणाने सरळ करून घेण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

बॅच पास झाली तरी मेटफॉर्मिनच्या १३० → ६० आणि १३० → ७१ चं प्रमाण नमुन्यांमध्ये कॅलिब्रेशनइतकंच आहे ना, एवढं नजरेखालून घाला. एखाद्या नमुन्यात ते बाजूला गेलं तर पीकखाली दुसरं काहीतरी लपलंय, आणि डी-सिक्सच्या पीकवर त्याची खूणही उमटत नाही.